३९९ की ४००: मालवणी मसाल्याच्या ऑर्डरींचा हिशोब

६ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर आकडे बघून प्रश्न बदलायला नको.

काकीच्या घरगुती उद्योगाची साइट १ डिसेंबरला नवी झाली. साइट करून देणाऱ्याने जाता जाता सगळ्या किमती नवाच्या शेपटीवर आणून ठेवल्या. मालवणी मसाला अर्धा किलो ४०० चा ३९९ झाला, कोकम सरबताची बाटली २५० ची २४९ झाली. त्याचं म्हणणं, 'सगळे असंच करतात.' सगळे करतात हे खरं आहे. बाटाच्या चपलांची किंमत आमच्या आजोबांच्या वेळी ९५ पैशांवर संपायची. पण त्याने आपल्या ऑर्डरी वाढतात का, आणि वाढल्या तरी हातात जास्त उरतं का, हे कोणी तपासलेलं नाही.

काकीचा सवाल सरळ होता. "रुपयो सोडून काय गावतला?" दादा, म्हणजे काकीचा मुलगा, ऑर्डरी बघतो. त्याच्या मते डिसेंबरात सरासरी ऑर्डर वाढली, म्हणजे ९९ चाललं. मला दोघांच्याही म्हणण्यावर लगेच मान डोलवायची नाही. डिसेंबरात नाताळची गर्दी असते, मुंबईचे चाकरमानी गावी येऊन जातात आणि परत गेल्यावर मसाला मागवतात. त्याच महिन्यात साइटही बदलली. किंमत बदलली तो महिना आणि आधीचा महिना शेजारी ठेवून त्यातला फरक ९९ च्या नावावर टाकता येणार नाही.

म्हणून दोन कामं. डिसेंबरात नेमकं काय झालं ते जुन्या ऑर्डरींतून शोधायचं. आणि मसाल्यावर नीट चाचणी घ्यायची, ज्यात एक रुपयाखेरीज बाकी काही बदलणार नाही.

८ जानेवारी

चाचणीआधी मार्जिनचा हिशोब, कारण खरं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

मसाल्याच्या अर्ध्या किलोच्या पाकिटावर मिरची, धणे, बाकीचं सामान, भाजणं, डंखावरची मजुरी, पाकीट, कर आणि पैसे भरण्याच्या यंत्रणेचं कमिशन वजा जाता ४०० किमतीला १२० रुपये उरतात. ३९९ केलं की ११९. (कमिशन टक्क्यांत असतं, त्यामुळे एक-दोन पैसे इकडेतिकडे. सोडून दिले.) ४०० ने ११९ पाकिटं विकली तर जेवढे पैसे राहतात तेवढेच ३९९ ने १२० पाकिटं विकून राहतात. म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर विक्री असेल तर एक पाकीट जास्त खपलं की रुपयाची भरपाई झाली.

हेच गणित आंबापोळीला लावून पाहिलं. तिची मूळ किंमत ३२० होती, ती साइटवाल्याने थेट २९९ केली, कारण ३१९ 'दिसायला चांगलं नाही'. तिथे पाकिटामागे १०० उरायचे, आता ७९ उरतात. आधीच्या शंभर पाकिटांएवढे पैसे मिळवायला आता १२७ पाकिटं विकावी लागतील. म्हणजे शेपटी दोन्हीकडे नवाचीच, पण एका जागी एक टक्कासुद्धा वाढ नको आणि दुसऱ्या जागी सव्वापट हवी. आंबापोळीवर जे झालं ते सरळ सूट देणं आहे, आणि त्याला सूट म्हणूनच तपासायला हवं.

आंबापोळीची किंमत आजच परत ३२० केली. तिच्यासाठी चाचणी लागत नाही. २७ टक्के वाढ केवळ आकड्याच्या रूपावर मिळेल असं मानायला काहीच आधार नाही.

१० जानेवारी

चाचणीची पद्धत ठरवली.

पहिला विचार असा होता की साइटवर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना ३९९ दाखवावं, निम्म्यांना ४००. मोठ्या कंपन्या असंच करतात. पण आमचं गिऱ्हाईक एकमेकांना ओळखतं. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकणार आणि दुसरा विचारणार, "माका चारशे कित्याक?" रुपयासाठी नाव घालवायचं नाही. म्हणून एका वेळी सगळ्यांना एकच किंमत दाखवायची आणि ती आठवड्याने बदलायची, सोमवार ते रविवार.

लागून आलेल्या दोन आठवड्यांची जोडी. जोडीतल्या कुठल्या आठवड्याला ३९९ आणि कुठल्याला ४००, ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. ओळीने एकाआड एक ठेवलं आणि महिन्याच्या पगाराचा आठवडा नेमका एकाच किमतीच्या वाट्याला वारंवार आला, तर सगळं वाकडं होईल. जोडीमुळे हंगामाचा चढउतार दोन्ही किमतींना साधारण सारखा बसतो.

मोजायचं काय, तर नुसत्या ऑर्डरी नाहीत. मसाल्याच्या पानावर किती भेटी आल्या आणि त्यांतल्या कितींनी मसाला घेतला. किंमत पान उघडल्यावरच दिसते, त्यामुळे पानावर किती माणसं आली हे ९९ च्या हातात नाही. एखाद्या आठवड्यात कोणीतरी लिंक पुढे ढकलली आणि गर्दी झाली, तर ती भेटींत जाईल, गुणोत्तरात घोळ घालणार नाही.

एक नियम आजच लिहून ठेवतो. एखाद्या आठवड्यात माल संपला, पाठवणी बंद पडली किंवा साइट बसली, तर ती पूर्ण जोडी बाद. हे त्या आठवड्याच्या ऑर्डरी मोजायच्या आधी ठरवायचं. ऑर्डरी पाहून मग 'हा आठवडा वेगळाच होता' म्हणायला लागलो, तर हवं ते उत्तर काढता येतं.

दुकानात, म्हणजे मालवणच्या बाजारातल्या गाळ्यावर, ४०० च राहणार. तिथे रोखीने घेणारे आहेत आणि काकीला रुपयाच्या सुट्ट्यांचा व्याप नको. रुपयाऐवजी गोळी देणं तिला पसंत नाही, आणि ते बरोबरच आहे.

१२ जानेवारी

उद्यापासून सुरुवात. त्याआधी एक कडू गोष्ट. आपल्याकडे जेवढी माणसं येतात तेवढ्यांत किती लहान फरक पकडता येईल?

मसाल्याच्या पानावर आठवड्याला साधारण ४५० भेटी, त्यांतले ४ टक्के घेतात. ढोबळ सूत्र असं:

```
n ≈ 16 × p × (1 − p) / d²
```

`p` म्हणजे घेणाऱ्यांचं प्रमाण, `d` म्हणजे जो फरक पकडायचा तो, आणि `n` म्हणजे एका किमतीला लागणाऱ्या भेटी. या सूत्राने खरा फरक पाचांतल्या चार वेळा तरी नजरेस पडतो.

८ टक्क्यांची वाढ, म्हणजे ४ चे ४.३२ होणं, पकडायची असेल तर एका किमतीला सुमारे ६० हजार भेटी लागतात. दोन्ही मिळून पाच वर्षांहून जास्त. तेवढ्यात मिरचीचा भावच चारदा बदलेल.

८ टक्के हा आकडा मनाने घेतलेला नाही. १९९६ साली रॉबर्ट शिंडलर आणि थॉमस किबेरियन यांनी बायकांच्या कपड्यांच्या टपाली कॅटलॉगवर चाचणी घेतली होती. एकाच कॅटलॉगच्या तीन आवृत्त्या काढल्या, किमती ०० वर, ९९ वर आणि ८८ वर संपणाऱ्या, आणि त्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना पाठवल्या. ९९ च्या आवृत्तीची विक्री ०० पेक्षा ८ टक्क्यांनी जास्त झाली. ८८ ची किंमत आणखी कमी असूनही तिला तो फायदा दिसला नाही. त्यांच्याकडे हजारोंनी कॅटलॉग होते. आमच्याकडे बारा आठवडे आहेत. त्यांत एका किमतीला अडीच हजारांच्या आसपास भेटी होतील आणि चाळीस टक्क्यांच्या वरचा फरक असेल तरच तो खात्रीने दिसेल.

मग चाचणी कशाला? दोन कारणं. एक, मोठं नुकसान होत असेल तर तेवढं तरी कळेल. दुसरं, दादाला आकडे दाखवायचे आहेत की एका महिन्याच्या सरासरीवरून किती कमी कळतं.

२४ जानेवारी

आज सरबत उघडलं आणि डिसेंबरच्या वाढीचं गुपित सापडलं.

आमच्याकडे ५०० रुपयांपासून पुढे पाठवणी फुकट आहे, त्याखाली ७० रुपये. सरबताची बाटली २५० ची होती, तेव्हा दोन बाटल्या बरोब्बर ५०० च्या. २४९ झाल्यावर दोन बाटल्या ४९८. दोन रुपयांनी फुकट पाठवणी हुकली.

ऑर्डरींच्या रकमांची यादी काढली:

```sql
SELECT cart_total, COUNT(*)
FROM orders
WHERE cart_total BETWEEN 480 AND 520
GROUP BY cart_total
ORDER BY cart_total;
```

१ डिसेंबरआधीच्या सात आठवड्यांत ५०० वर उंच ढीग होता. नंतरच्या सात आठवड्यांत तो ढीगच नाही. ४९८ वर थोडे, आणि ५३० ते ५६० च्या पट्ट्यात नवीन गर्दी. (तो पट्टा बघायला वरची मर्यादा वाढवून पुन्हा चालवलं.)

ऑर्डरी एकेक वाचल्यावर गोष्ट उलगडली. आधीच्या सात आठवड्यांत सरबत असलेल्या १४६ ऑर्डरी होत्या, त्यांपैकी ६१ मध्ये फक्त दोन बाटल्या, दुसरं काही नाही. नंतरच्या सात आठवड्यांत अशा ऑर्डरी १३९, आणि फक्त दोन बाटल्यांच्या २२ च. ३१ जणांनी दोन बाटल्यांबरोबर एखादी बारकी वस्तू टाकलेली: तिरफळांची पुडी, कुळथाच्या पिठाचं लहान पाकीट. आधी असे जेमतेम ९ होते. एकच बाटली घेणारे ४८ वरून ५७ झाले.

म्हणजे सरासरी ऑर्डर वाढली, हे दादाचं म्हणणं खरं. पण ती वाढवली तिरफळांनी, आणि तिरफळं घ्यायला लावली पाठवणीच्या अटीने. ९९ च्या मोहिनीने कोणी काही जास्त घेतलेलं नाही.

मार्जिनचं तर अजून गमतीशीर. ज्या २२ जणांनी ४९८ वरच ऑर्डर दिली, त्यांनी ७० रुपये पाठवणीचे भरले. आधी हा खर्च आमच्या अंगावर होता. २२ गुणिले ७० म्हणजे १,५४० रुपये हिशोबात वर आले, आणि वरवर बघणाऱ्याला वाटलं की किंमत कमी करूनही मार्जिन वाढलं. ते पैसे गिऱ्हाइकाच्या खिशातून वेगळ्या नावाने आले आहेत, आणि किती जण ४९८ बघून पाठवणीच्या पानावरूनच परत फिरले ते ऑर्डरींत दिसतच नाही. टाकून दिलेल्या टोपल्यांची नोंद नव्या साइटवर आहे, जुनीवर नव्हती. त्यामुळे आधीशी ताडून बघता येत नाही. पण आताच्या नोंदीत ४९८ ची टोपली सगळ्यांत जास्त वेळा टाकलेली आहे, हे मात्र डोळ्यांत भरतं.

कोणीही ९९ ची चाचणी घेतो आहे असं म्हणाला तर मी यापुढे पहिला प्रश्न हाच विचारेन: फुकट पाठवणीची रेघ कुठे आहे, आणि तुमच्या मालाच्या दोन नगांची किंमत तिच्या कोणत्या बाजूला पडते?

२५ जानेवारी

सरबत परत २५० केलं. दादा म्हणाला, रेघच ४९० वर आणूया. तेही चाललं असतं. पण २४९ ठेवून मिळतंय काय?

मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ यांनी २००५ मध्ये दाखवलं की शेवटी ९ असण्याचा परिणाम तेव्हाच होतो जेव्हा त्यामुळे डावीकडचा पहिला अंक बदलतो. २.९९ आणि ३.०० मध्ये माणसाला मोठं अंतर वाटतं, ३.५९ आणि ३.६० मध्ये वाटत नाही. आपण किंमत डावीकडून वाचतो, पहिला अंक मनात बसतो आणि बाकीचे अंक त्याला जेमतेम हलवतात. २४९ आणि २५० दोन्हींच्या डोक्यावर २ च आहे. तिथे सोडलेला रुपया कोणाच्या लक्षातही येत नाही. ३९९ आणि ४०० ची गोष्ट वेगळी, तिथे ४ चा ३ होतो. म्हणून चाचणी मसाल्यावर चालू ठेवली आहे ती योग्य जागी आहे.

साइटवर अजून कुठे कुठे अशा बिनकामाच्या शेपट्या आहेत ते पाहिलं. कुळथाचं पीठ १३९, फणसपोळी १७९, काजूगर ६४९. तिन्ही सरळ केल्या. काजूगर ६५० झाले म्हणून एकही गिऱ्हाईक कुरकुरलं नाही. कुरकुरण्यासारखं काही नव्हतंच.

२६ फेब्रुवारी

तिसरी जोडी बाद. आंगणेवाडीच्या जत्रेच्या आठवड्यात पाठवणी दोन दिवस बंद होती आणि साइटवर तशी पाटी होती. नियमाप्रमाणे आधीचा आठवडाही गेला. आकडे उघडायच्या आधी लिहितो आहे.

एक तक्रार आली. घरपोच रोख देणाऱ्या एका बाईंकडून पाकीट आणणाऱ्या मुलाने ४०० घेतले आणि रुपया परत दिला नाही. रुपयाचं काही नाही, पण त्यांनी साइटवर तसं लिहिलं. रोख देणाऱ्यांपुरती ही किंमत ४०० च पडते, फक्त रुपया आमच्याकडे येत नाही. रोखीच्या ऑर्डरी मोजल्या तर दहातली एक. बाकी सगळे मोबाइलवरून भरतात, त्यांना सुट्ट्यांचा प्रश्न नाही.

८ एप्रिल

मसाल्याची चाचणी रविवारी संपली. पाच जोड्या हाती आहेत.

४०० च्या आठवड्यांत २,२६० भेटी, ८८ ऑर्डरी. म्हणजे ३.८९ टक्के. ३९९ च्या आठवड्यांत २,३१० भेटी, ९७ ऑर्डरी, ४.२० टक्के. फरक ७.८ टक्क्यांचा, ३९९ च्या बाजूने.

दादाने टाळी वाजवली. ८ टक्के तर त्या कॅटलॉगवाल्यांनाही मिळाले होते! मला इथेच थांबून नीट लिहायचं आहे, कारण असा जुळून आलेला आकडा माणसाला फसवतो.

एकेक आठवडा पाहा. ४०० च्या पाच आठवड्यांत ऑर्डरी ११, १६, १७, १९ आणि २५. किंमत तीच, माल तोच, तरी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत दुपटीहून जास्त अंतर. ३९९ ला १४, १७, १९, २२, २५. आठवड्या-आठवड्यात आपोआप एवढा हेलकावा असताना बेरजेतला ९ ऑर्डरींचा फरक हा त्या हेलकाव्याचाच भाग असू शकतो. हिशोब मांडला तर खरा परिणाम २१ टक्के घटीपासून ३७ टक्के वाढीपर्यंत कुठेही असू शकतो. ७.८ हा त्या पट्ट्याचा मध्य आहे, एवढंच. दोन आठवडे उलटसुलट झाले असते तर इथे उणे ३ दिसलं असतं आणि दादाने टाळी वाजवली नसती.

जुनं गिऱ्हाईक आणि नवं असे दोन भागही करून पाहिले. एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांच्या २००३ च्या कामात असं निघालं होतं की नवाच्या शेपटीचा जोर नवीन मालावर जास्त, वर्षानुवर्षं कॅटलॉगात असलेल्या मालावर कमी. ज्याला किंमत ठाऊक आहे तो शेपटी बघत नाही. आमच्यात जुन्यांच्या ऑर्डरी ५५ आणि ५६, नव्यांच्या ३३ आणि ४१. अगदी पुस्तकाबरहुकूम! पण ३३ आणि ४१ हे आकडे आधीपेक्षाही तोकडे आहेत. एवढ्याशा ढिगाचे आणखी तुकडे केले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी दिसतंच. लिहून ठेवतो, निष्कर्ष काढत नाही.

मग किंमत काय ठेवायची? पुरावा नसला तरी निर्णय घ्यावा लागतो, आणि इथे ८ जानेवारीचा हिशोब कामी येतो. ३९९ ठेवण्याची किंमत ०.८४ टक्के. परिणाम शून्य असेल तर शंभर पाकिटांमागे शंभर रुपये जातील. परिणाम खरोखर ८ टक्के असेल तर शंभराची १०८ पाकिटं होऊन १२,००० चे १२,८५२ होतील. जायचे शंभर आणि यायचे साडेआठशे, तर पैज लावायला हरकत नाही. साइटवर ३९९ राहील. काकीला सांगताना मात्र 'चाचणीत सिद्ध झालं' असं म्हणायचं नाही.

तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग खरा काम खय आसा? रुपयात तर नाय."

९ एप्रिल

काकीच्या प्रश्नाचं उत्तर: खरं काम वर जाण्यात आहे.

अवनर स्ट्रुलोव-श्लेन या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकी किराणा दुकानांच्या विक्रीचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये छापून आला. किंमत ९९ वरून एका सेंटने वाढून पूर्ण डॉलरवर गेली की गिऱ्हाईक जणू वीस सेंटांहून जास्त वाढ झाल्यासारखं वागतं. दुकानदार मात्र हा परिणाम फार कमी धरून किमती ठरवतात. याचा व्यवहारात अर्थ असा की ४०० च्या जरा वर किंमत ठेवणं सगळ्यांत वाईट: उडीचा फटका बसतो आणि मिळतं थोडंच. आणि ३८० वर थांबणंही वेडेपणाचं, कारण ३८० ते ३९९ या पट्ट्यात गिऱ्हाईक फारसं बिचकत नाही.

म्हणजे ९९ हे खाली उतरायचं ठिकाण म्हणून सगळे वापरतात, पण खालून चढून तिथवर जाणं जास्त फायद्याचं असू शकतं. आपल्याकडे असा माल कुठला? आमसुलं. अर्धा किलो २८०. १९० खर्च, ९० उरतात. २९९ केलं तर १०९ उरतील. शंभर पाकिटांऐवजी ८३ खपली तरी हिशोब बरोबरीत सुटतो. म्हणजे १७ टक्के घट झेलता येते.

चाचणी याच सोमवारपासून सुरू केली आहे, पद्धत तीच, सहा आठवडे. त्याहून लांबवता येणार नाही. मेच्या शेवटी नवीन आमसुलं येतील आणि नव्या-जुन्यात गिऱ्हाईक फरक करतं. जुनी आमसुलं काळी पडत जातात, नवी लालसर आणि ओलसर असतात. माल बदलला की किमतीची चाचणी संपली. पाकिटावर कमाल किरकोळ किंमत ३२० छापलेली आहे, त्यामुळे २८० काय आणि २९९ काय, लेबल बदलावं लागत नाही. छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.

२० मे

आमसुलांचे आकडे. २८० ला १,१८० भेटी, ६२ ऑर्डरी, ५.२५ टक्के. २९९ ला १,१५० भेटी, ५८ ऑर्डरी, ५.०४ टक्के. (एका ऑर्डरीत एकच पाकीट धरलं आहे. दोन घेणारे दोन्हीकडे इतके थोडे की फरक पडत नाही.)

इथे टक्क्यांपेक्षा पैसे बघायचे. शंभर भेटींमागे २८० ला ४७३ रुपये उरले, २९९ ला ५५०.

पुन्हा तीच सावधगिरी: भेटी कमी आहेत. खरी घट १७ टक्क्यांहून जास्त असून आम्हाला ती दिसली नसेल, याची शक्यता ढोबळमानाने पाचात एक. म्हणजे पाचात चार वेळा हा निर्णय फायद्याचा ठरतो. मसाल्याच्या वेळी पाचात कितीही असलं तरी दावावर रुपया होता, इथे पाकिटामागे १९ रुपये आहेत. म्हणून हा निकाल त्या निकालापेक्षा जास्त कामाचा वाटतो, जरी दोन्हींतली अनिश्चितता सारखीच दांडगी आहे.

आता एक अडचण, जी दादाने काढली आणि बरोबर काढली. २९९ चाललं ते ९९ मुळे, की आमसुलं आधीच स्वस्त होती आणि ३०५ सुद्धा चाललं असतं? या चाचणीतून ते कळत नाही. २८० आणि २९९ मध्ये शेपटीही बदलली आणि किंमतही. अँडरसन आणि सिमेस्टर यांनी यासाठीच तीन किमती घेतल्या होत्या. एका प्रयोगात तेच कपडे ३४, ३९ आणि ४४ डॉलरना ठेवले. ३४ ला १६ विकले गेले, ३९ ला २१ आणि ४४ ला १७. स्वस्त ३४ पेक्षा महाग ३९ ला जास्त खप आणि ४४ ला पुन्हा उतार, असा मधला उंचवटा दिसला तरच त्याचं श्रेय शेपटीला देता येतं. दोनच किमती असत्या तर उंचवटा दिसलाच नसता.

२ जून

नवीन आमसुलं आली. पहिलं पोतं आज उघडलं.

पुढची चाचणी तीन किमतींची: २९९, ३०९ आणि ३१९. यात २८० नाही, कारण तिथे परत जायचं नाही हे ठरलं आहे. तिन्हींच्या शेवटी ९ आहे, म्हणजे शेपटी सारखी आणि पहिला अंक फक्त २९९ चा वेगळा. २९९ वरून ३०९ ला मोठा खड्डा आणि ३०९ वरून ३१९ ला लहान उतार दिसला, तर तो पहिल्या अंकाचा खेळ. दोन्ही उतार सारखे दिसले, तर गिऱ्हाईक नुसतं किमतीकडे बघतंय. आणि उतारच नसेल तर ३१९ ठेवायचे.

तीन आठवड्यांचा एक संच, चिठ्ठीने क्रम, चतुर्थीच्या आधीचे दोन आठवडे वगळून. पावसात पाठवणी रखडते, त्यामुळे बाद होणारे संच जास्त असतील. सहा संच धरतो आहे, चार हाती लागले तरी पुरे.

फुकट पाठवणीची रेघ आधीच तपासली. दोन पाकिटं ५९८, ६१८, ६३८. तिन्ही ५०० च्या वर. एक पाकीट आणि एक बाटली सरबत: ५४९, ५५९, ५६९. तीही वरच. एक पाकीट आणि फणसपोळी मात्र ४७९, ४८९, ४९९. तिन्ही रेघेच्या खाली आहेत, म्हणजे फरक पडू नये. पण ४९९ ची टोपली बघून कोणी एक रुपयासाठी तिरफळं टाकेल. त्या ऑर्डरी वेगळ्या काढून मोजायच्या, असं दादाच्या वहीत लिहून दिलं आहे.

नव्या लेबलांवर छापील किंमत ३४० टाकायला सांगितली. पहिली चिठ्ठी निघाली, ३०९.